एका मुलाचा आराखडा : लिहायचा कसा, तपासायचा कसा



आजच्या विषयाला शाळांमध्ये सगळे 'आयईपी' म्हणतात. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. ज्या मुलाला वर्गातल्या नेहमीच्या शिकवण्यापेक्षा वेगळी मदत लागते, त्याच्यासाठी वर्षभराचा लेखी आराखडा. अमेरिकेत 1975 च्या कायद्याने तो प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यासाठी सक्तीचा झाला आणि आईवडिलांना तो बनवणाऱ्या गटात हक्काची जागा मिळाली. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 16 नुसार सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे आधार द्यायचा आहे, आणि त्याच्या प्रगतीवर लक्षही ठेवायचं आहे. माझं आजचं बोलणं मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीवर आहे. आराखडे लिहिले जातात. ते तपासले जात नाहीत. आणि पुष्कळदा ते तपासता येतील असे लिहिलेलेच नसतात.

उदाहरणासाठी मराठी माध्यमातला चौथीतला एक मुलगा घेऊ. त्याला ओंकार म्हणू. आकडे मी समजावण्यासाठी बांधले आहेत, पण यातली एकेक अडचण तुमच्यातल्या शिक्षकांना ओळखीची वाटेल. ओंकारला वाचनाची अध्ययन अक्षमता आहे. त्याच्या जुन्या आराखड्यात 'सद्यःस्थिती' या रकान्यात लिहिलं होतं, 'वाचनात कच्चा, लक्ष देत नाही'. आणि उद्दिष्ट होतं, 'वाचन सुधारेल'. या दोन ओळींवरून उद्या सकाळी त्याला काय शिकवायचं ते कोणालाही सांगता येणार नाही. मार्चमध्ये वाचन सुधारलं की नाही, यावर शिक्षक आणि पालक हुज्जत घालत बसतील आणि दोघांकडेही पुरावा नसेल.

आता तोच रकाना नीट भरू. जुलैच्या सुरुवातीला विशेष शिक्षिकेने त्याला दुसरीच्या पातळीचे तीन न पाहिलेले उतारे दिले, प्रत्येकी एक मिनिट. बरोबर वाचलेले शब्द आले 19, 24 आणि 21. मधला आकडा धरायचा, म्हणजे 21. एकाच वाचनावर भरवसा ठेवायचा नाही, कारण एखादा उतारा सोपा निघतो, एखाद्या दिवशी मूल थकलेलं असतं. चुका जशाच्या तशा टिपल्या : 'घर'चं 'धर', 'सूर्य'मधला रफार गळाला, 'प्रकाश'चं 'पकाश'. साधे शब्द तो सावकाश पण बरोबर वाचत होता; गाडी अडत होती ती जोडाक्षरांवर आणि घ-ध, भ-म अशा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांवर. मग शिक्षिकेने चौथीचा उतारा स्वतः वाचून दाखवला आणि पाच प्रश्न विचारले. चारांची उत्तरं बरोबर आली.

ही शेवटची नोंद सगळ्यात मोलाची. ऐकलेलं त्याला वयानुसार समजतं. अडचण अक्षरं उलगडण्यात आहे. त्यामुळे आराखड्याच्या दोन वाटा झाल्या. एक, वाचन शिकवायचं. दुसरी, वाचन येईपर्यंत परिसर अभ्यास आणि गणित अडू द्यायचं नाही : धडा वाचून दाखवायचा, उत्तर तोंडी घ्यायचं, लेखी कामाला जादा वेळ द्यायचा. या सवलती वर्षभर वर्गात द्यायच्या असतात. परीक्षेच्या दिवशी अचानक लेखनिक बसवला, तर त्याला उत्तर सांगायचं कसं हेही मुलाला ठाऊक नसतं.

उद्दिष्ट असं लिहिलं : 'जानेवारीअखेर दुसरीच्या पातळीचा न पाहिलेला उतारा मिनिटाला 45 शब्द बरोबर, पाचाहून कमी चुका'. सुट्ट्या आणि परीक्षा वगळून हातात 24 आठवडे होते, म्हणजे आठवड्याला एका शब्दाची वाढ. आराखड्यात हेही आलं की आठवड्यातून चार दिवस अर्धा तास विशेष शिक्षिका घेतील, घरी रोज दहा मिनिटं वाचन होईल आणि मोजणी दर शुक्रवारी होईल. मोजणीचा हा एका मिनिटाचा प्रकार मिनेसोटा विद्यापीठातल्या स्टॅनली डेनो यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवला. त्याला लागतं एक घड्याळ, उताऱ्याच्या दोन प्रती आणि चौकटीचा कागद. कागदावर 21 पासून 45 पर्यंत सरळ रेघ मारायची, ती अपेक्षेची. दर शुक्रवारचा ठिपका तिच्याजवळ पडतो का, ते पाहायचं.

ओंकारचे पहिले चार शुक्रवार 22, 22, 24, 25 असे गेले. ठिपके रेघेला धरून होते. पुढचे चार 24, 25, 24, 26. रेघ तोवर 29 वर पोचली होती. एखादा ठिपका खाली गेला तर घाबरायचं कारण नाही, पण सलग चार ठिपके रेघेखाली गेले तर मार्चची वाट पाहायची नाही. बैठक बोलवायची.

आता त्या बैठकीत जाऊ. वर्गशिक्षक, विशेष शिक्षिका, मुख्याध्यापक, आई आणि वडील. वडील रोजंदारीवर जातात म्हणून वेळ संध्याकाळची ठेवली. ही बाब लहान नाही. सकाळी अकराची बैठक म्हणजे त्या घराची एका दिवसाची मजुरी. ओंकारलाही पहिली दहा मिनिटं बसवलं. स्वतःचा आलेख त्याने स्वतः दाखवला आणि जोडाक्षर आलं की डोळा पुढे सरकत नाही, असं सांगितलं.

मग बोलायची पाळी पालकांची. ती आधी हवी. शिक्षकांनी कागद वाचून दाखवल्यावर आई विचारलं तरच बोलते, तेही 'तुम्ही म्हणाल तसं' एवढंच. इथे आई म्हणाली, "मॅडम, घरी तो धडा धडाधड वाचतो. शाळेतच काय होतं कळत नाही." अशा वेळी अनेक शिक्षकांना वाटतं की पालकांना वस्तुस्थिती मान्य नाही, पालकांना वाटतं की शाळा मुलाला कमी लेखते. या आई खरंच बोलत होत्या. शिक्षिकेने पुढे विचारलं, वाचायच्या आधी काय होतं? ताई तोच धडा मोठ्याने वाचते, मग हा वाचतो. म्हणजे तो वाचत नव्हता, ऐकलेलं म्हणत होता. ऐकून लक्षात ठेवण्याची त्याची ताकद जुलैतच दिसली होती; तीच आता अडचण झाकत होती. ही माहिती शाळेतल्या कुठल्याही चाचणीत मिळाली नसती. घरातली नोंद आणि शाळेतली नोंद एकमेकींशी जुळत नाहीत, तिथेच बहुधा हाताला काही लागतं. कोण खरं, कोण खोटं या वादात ती जागा हातची जाते.

यानंतर पद्धत बदलायची घाई होते. त्याआधी एक रोखठोक प्रश्न विचारायला हवा : ठरलं होतं तेवढं शिकवलं गेलं का? आठ आठवड्यांत 32 तासिका व्हायला हव्या होत्या. हजेरीच्या वहीत 17 होत्या. कधी शाळेचा कार्यक्रम, कधी शिक्षिकेला दुसऱ्या शाळेत पाठवलेलं, कधी ओंकारची तासिका नेमकी खेळाच्या तासाला आल्यामुळे तो गेलाच नाही. निम्मं औषध देऊन औषध लागू पडत नाही म्हणण्यासारखं हे आहे. म्हणून मुख्याध्यापक बैठकीत लागतात. वेळापत्रक बदलण्याचा अधिकार त्यांचा, आणि मुलाचा खेळाचा तास वाचनाला द्यायचा नाही हे सांगण्याची जबाबदारीही त्यांचीच.

तरीही झालेल्या 17 तासिकांचा प्रश्न उरलाच. चुकांची यादी जुलैच्या यादीशेजारी ठेवली. घ-धच्या चुका जवळपास संपल्या होत्या, जोडाक्षरांच्या होत्या तितक्याच होत्या. म्हणजे अर्धी पद्धत लागू पडली होती. निर्णय तीन झाले. तासिका रोज पहिल्या अर्ध्या तासात. त्या वेळात फक्त जोडाक्षरं, शब्द फोडून : 'प्' आणि 'र' वेगळे दाखवून, जोडून, मग शब्दात, मग वाक्यात. घरी ताईने आधी वाचायचं नाही. शाळेतून आलेली दहा नव्या शब्दांची पट्टी ओंकारने आधी वाचायची, आणि दहा मिनिटं झाली की थांबायचं. वडील कबूल झाले की घरी त्या दहा मिनिटांचा तास होत असे आणि शेवट रडारडीत. पद्धतीत बदल एकच केला, कारण चार गोष्टी एकदम बदलल्या तर पुढे कशाने फरक पडला ते कळत नाही. प्रत्येक निर्णयापुढे कोणी करायचं आणि पुढची बैठक कोणत्या तारखेला, हे लिहिलं आणि प्रत पालकांना दिली.

सोळाव्या आठवड्यात ओंकार 35 वर होता, रेघ 37 वर. जानेवारीअखेर 43, चुका चार. कागदावर उद्दिष्ट हुकलं, आणि अहवालात तसंच लिहायला हवं. आकडा खाली ओढून 'साध्य' असा शिक्का मारणं ही मुलाची फसवणूक आहे. पण बदलानंतरच्या सोळा आठवड्यांत तो 17 शब्द पुढे गेला, ठरवलेल्या वेगापेक्षा किंचित जास्तच. म्हणून पद्धत चालू ठेवायची आणि पुढचं उद्दिष्ट तिसरीच्या पातळीवर न्यायचं.

एक मर्यादा सांगतो. शब्दांची गती ही वाचनाची सगळी कहाणी नव्हे. महिन्यातून एकदा उताऱ्यावर प्रश्न विचारावेच लागतात, नाहीतर मूल घड्याळाशी शर्यत लावतं. आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीचं उद्दिष्ट डबा स्वतः उघडून खाणं हे असेल, तर तिथे शब्द मोजायचे नसतात. मोजायची असते मदत. हात धरून, खुणेने, तोंडी सांगून की स्वतःहून? आठवड्यातून किती दिवस? मोजमाप वेगळं, पण शुक्रवारची नोंद आणि बैठकीचा क्रम तोच.

कोलोरॅडो राज्यातल्या एका स्वमग्न मुलाच्या आराखड्यात वर्षानुवर्षं बरीचशी तीच उद्दिष्टं उतरवली जात होती. पालक न्यायालयात गेले. 2017 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटलं की नावापुरती प्रगती पुरेशी नाही. त्या मुलाच्या परिस्थितीत योग्य अशी प्रगती होईल असाच आराखडा हवा. आपल्याकडे न्यायालयापर्यंत जाण्याची गरज नाही. मागच्या वर्षीचा आणि या वर्षीचा आराखडा शेजारी ठेवा. वाक्यं तीच असतील, तर विचारा.

इथे बसलेल्या पालकांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत सही करण्याआधी कागद घरी नेऊन वाचायला मागा. मूल आज नेमकं कुठे आहे, हे त्यात आकड्यात किंवा स्पष्ट कृतीत लिहिलं आहे का ते पाहा. ठरलेल्यापैकी किती तासिका झाल्या ते विचारा, आणि पुढच्या बैठकीची तारीख घेतल्याशिवाय उठू नका. शिक्षकांना विनंती एवढीच, की त्या बैठकीत आईला आधी बोलू द्या.