नेमणूकपत्र हाती पडण्यापूर्वी



मुलगी बी.एड. झाली की घरात आनंद होतो आणि पाठोपाठ कुणीतरी परिचित निरोप घेऊन येतो, ‘आमच्या ओळखीच्या संस्थेत जागा आहे, वेतनश्रेणी पूर्ण, फक्त संस्थेला थोडे साहाय्य करावे लागेल.’ अशा वेळी काय तपासावे, हे एका उदाहरणावरून पाहणे सोयीचे ठरेल.

समजा, तालुक्याच्या गावी पाचवी ते दहावीची एक खासगी शाळा आहे. तिला वीस टक्के अनुदान आहे. तेथे पदवीधर शिक्षिकेची जागा असून मूळ वेतन अडतीस हजार सहाशे रुपये मिळेल, असे सांगण्यात येते. आकडा खोटा नाही. सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीत प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाची सुरुवात 38,600 रुपयांपासूनच होते. परंतु तो आकडा पहिल्या दिवसाचा नव्हे. पहिली तीन वर्षे शिक्षणसेवकाची. 2023 मध्ये माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन वाढवून दरमहा 18,000 रुपये करण्यात आले. आता त्यावर वीस टक्क्यांचा हिशेब करावा. शासनाकडून येणार 3,600 रुपये. उरलेले 14,400 रुपये संस्थेने द्यायचे. तीन वर्षांनी श्रेणी लागू झाली, तरी त्याच अनुदानावर मूळ वेतनापैकी 7,720 रुपयेच शासनाचे. म्हणून ‘श्रेणी काय?’ या प्रश्नाआधी ‘शाळेचा अनुदानाचा टप्पा कोणता, आणि उरलेला हिस्सा आजच्या शिक्षकांना प्रत्यक्ष मिळतो काय?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. त्याचे खरे उत्तर कार्यालयात मिळत नाही; दोन-तीन वर्षे तेथे शिकवणाऱ्या शिक्षकाकडे मिळते. काही ठिकाणी वेतन बँकेत पूर्ण जमा होते आणि त्यातील काही भाग रोखीने परत मागितला जातो. पासबुक स्वच्छ दिसते, घर मात्र चालत नाही.

दुसरा प्रश्न पात्रतेचा. शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, पहिली ते आठवीसाठी आहे. पहिला पेपर पाचवीपर्यंतचा, दुसरा सहावी ते आठवीचा. दीडशे गुणांपैकी साठ टक्के, म्हणजे नव्वद गुण आवश्यक. राखीव प्रवर्गांना पंचावन्न टक्क्यांची सवलत आहे. नववी-दहावीला टीईटी लागत नाही, म्हणून पुष्कळ उमेदवार निश्चिंत असतात. येथेच फसगत होते. तोंडी ‘दहावीला शिकवायचे’ असे सांगितले जाते. संचमान्यतेत मात्र ते पद सहावी ते आठवीच्या गटात असते. दुसरा पेपर उत्तीर्ण नसेल तर वैयक्तिक मान्यता अडते. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही ही परीक्षा अनिवार्य ठरवली. तेव्हा ‘मागाहून पाहू’ या आश्वासनावर कोणी विसंबू नये. प्रमाणपत्र विकत घेण्याच्या मोहाचे फळ तर 2022 मध्ये सर्वांनी पाहिले. 2019-20 च्या परीक्षेतील गैरप्रकारांत सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली.

तिसरा प्रश्न पद खरे आहे काय, हा. अनुदानित व अंशतः अनुदानित शाळांची भरती अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर, पवित्र पोर्टलवरून होते. संस्था मुलाखतीचा पर्याय निवडू शकते. पण उमेदवारांची यादी पोर्टलवरूनच येते. पोर्टलवर जाहिरात नसताना ‘जागा आहे’ असे कोणी म्हणत असेल, तर तिथेच थांबावे. मागील तारखेची नेमणूक दाखवून मान्यता मिळवून देण्याचा मार्गही सुचवला जातो. नेमणुकीनंतर शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि मग शालार्थ क्रमांक, हा क्रम आहे. तो क्रमांक मिळेपर्यंत शासनाचे वेतन सुरू होत नाही. 2025 मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ क्रमांकांचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा या आडवाटेचा शेवट कुठे होतो, ते दिसले. देणगी दिलेली असते, पावती नसते आणि चौकशी शिक्षकाची होते.

उदाहरणातील मुलीच्या वडिलांनी म्हणून चार कागद मागावेत: चालू वर्षाची संचमान्यता, पोर्टलवरील जाहिरात, अनुदानाच्या टप्प्याचा आदेश आणि 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीतील अनुसूची ‘ड’च्या नमुन्यातील नेमणूकपत्र. ‘तात्पुरती’, ‘तासिका तत्त्वावर’ असे शब्द त्यात असतील, तर तोंडी ठरलेली श्रेणी विसरावी. रुजू झाल्याचा अहवाल आणि हजेरीपटाच्या नोंदीची प्रत जपून ठेवावी. पुढे सेवेतून काढले, तर 1977 च्या कायद्यातील कलम 9 अन्वये शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते. पण तेथे आठवणी चालत नाहीत, कागद चालतात.

चांगल्या संस्था हे कागद मागताच पुढे ठेवतात. जेथे ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असा प्रतिप्रश्न येतो, तेथे उत्तर मिळालेले असते.