वाकलं तरी गळा उघडू नये

(जोहे, ता. पेण येथील शिवणवर्गात केलेले बोलणे)



गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवताना आपण दिवसभर वाकलेल्या असतो. एक हात ब्रशवर आणि दुसरा गळ्याशी. गळ्याशी गुंतलेला तो हात कामाला येत नाही. मग कोणीतरी म्हणतं, "बाई, नीट बसत जा." नीट बसायला हवं ते कापडानं, बाईनं का? आज एकावर एक पाखं येणारा, बंदांनी बांधायचा झगा कागदावर कसा काढायचा, ते पाहू.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. बारा बंदांची बाराबंदी आपल्याकडे होतीच. न्यूयॉर्कच्या डायेन फॉन फुर्स्टेनबर्ग यांनी 1974 साली असा झगा बाजारात आणला आणि तो खूप गाजला. पण तो ताणणाऱ्या जर्सीचा होता. आपलं सुती कापड ताणत नाही, म्हणून त्याची बेतणी जपून करायला हवी.

एकीचं माप घेऊ. कंबर 30 इंच, सैलपणा 2 धरून 32. खांद्यापासून छातीवरून कंबरेपर्यंत पुढची उंची 16. पुढच्या अर्ध्या भागात कंबरेला 8 इंच आणि टक्ससाठी 1, म्हणजे कागदावर 9. आता पुढचा संपूर्ण भाग, डावा-उजवा दोन्ही, एकाच कागदावर काढा आणि मधली रेषा मारा. गळा खांद्यावर मधल्या रेषेपासून 3 इंचांवर. तिथून समोरच्या बाजूच्या कंबरेपर्यंत सरळ तिरकी रेषा ओढा. हीच पाख्याची कड.

खरी मेख या रेषेत आहे. पाखं मधल्या रेषेपलीकडे 4 इंचच नेलं, तर कड मधली रेषा गळ्यापासून सुमारे 7 इंच खाली ओलांडते. तेच पलीकडच्या बाजूच्या शिवणीपर्यंत, 9 इंच नेलं, तर 4 इंचांवरच ओलांडते. म्हणजे गळा किती खोल हे वरून कापून ठरत नाही, पाखं किती आडवं जातं यावर ठरतं. कापड वाचवायला पाखं आखूड केलं, की गळा आपोआप खोल होतो. बाजारातले बरेच तयार झगे इथेच फसतात. मी 9 इंचच धरते.

तरीही वाकलं की गळा फुगतो. कारण कागद सपाट आहे आणि छातीच्या वर अंगाला खळगी आहे. आपली कड 20 इंच झाली आहे, अंगावर ती अर्धा इंच जास्त भरते. मग कडेवर, खळगीपाशी, अर्ध्या इंचाची चिमटी घ्या आणि ती छातीच्या टोकापर्यंत निमुळती मिटवा. त्यामुळे खाली कंबरेच्या टक्समध्ये कागद उघडेल, तो उघडू द्या. कड साडेएकोणीस इंच राहील. आणखी एक गोष्ट: ही कड तिरकी, म्हणजे उरेब कापली जाते, हाताळताना ताणते. तिला आतून उरेब पट्टी लावली तर तीही ताणेल. म्हणून उभ्या धाग्याची, आधी धुऊन घेतलेली पट्टी सव्वाएकोणीस इंच कापा आणि कड तिच्यात थोडी मुरवत शिवा.

बंद बरोबर कंबरेवर हवेत, जिथे अंग सर्वांत बारीक आहे तिथे. दोन इंच खाली लावले, तर बसल्यावर पोट त्यांना वर ढकलतं, कड ढिली पडते आणि गळा पुन्हा उघडतो. उजवं पाखं वर ठेवायचं असेल, तर आतल्या पाख्याच्या बंदासाठी उजव्या बाजूच्या शिवणीत कंबरेवर सव्वा इंचाची फट ठेवा. तो बंद त्या फटीतून बाहेर काढून पाठीवरून डावीकडे न्यायचा: अर्धी कंबर 16 आणि गाठीला 18, असा 34 इंच. वरच्या पाख्याचा बंद डाव्या बाजूला लावायचा, 18 इंच पुरे. गाठ डाव्या कुशीवर येते, पाठीवर नाही. भिंतीला टेकायलाही बरं.

घेरातही दोन्ही पाखी बाजूच्या शिवणीपर्यंतच न्या, म्हणजे एक गुडघा उभा करून बसलात तरी आतलं पाखं मांडी झाकतं. सुट्या कडा उभ्या धाग्यावर ठेवा आणि घेर बाजूच्या शिवणीतच द्या, नाहीतर कडा लोंबतात.

कापड कापण्याआधी जुन्या साडीचा कच्चा झगा शिवा. दोन्ही पाखी जिथे एकमेकींवर येतात तिथे खडूनं खूण करा. दहा वेळा वाका, दोन्ही हात वर करा, पाटावर बसून उठा. खूण अर्ध्या इंचाहून जास्त सरकली, तर आधी बंद कंबरेवरच आहेत ना ते बघा, मग चिमटी थोडी वाढवा. हात वर केल्यावरच सरकत असेल, तर दोष गळ्याचा नसून मुंढ्याचा आहे. तो फार खोल आहे, वर घ्या. भरल्या अंगाच्या बाईला आणि सुळसुळीत कापडाला एवढं करूनही पुरत नाही. तिथे खुणेच्या जागी आतून एक टिचबटण लावा.