वाकलेले बोट

आमच्यापाशी दोन कामगारांच्या हातांची छायाचित्रे आहेत. दोहोंत अनामिका सारखीच वाकलेली दिसते. दोघांनाही सल्ला मिळाला तो विश्रांतीचाच. पण दुखणी वेगळी.

पहिल्याचे बोट दुसऱ्या हाताने उघडताच खट्‌कन सरळ होते. त्याची शीर बोटाच्या मुळाशी अडकते. तिला विश्रांती पुष्कळदा मानवते. दुसऱ्याचे बोट ओढूनही सरळ होत नाही. तळहाताच्या कातडीखालचा पडदा जाड होऊन दोरीसारखा आखडला आहे. तो विश्रांतीने सैल होत नाही, चोळून विरत नाही. पंजा मेजावर सपाट टेकेनासा झाला की शस्त्रवैद्याला दाखवावे.

तेव्हा नुसत्या वाकलेल्या बोटाचे छायाचित्र पुरत नाही. मेजावर टेकलेल्या पंजाचेही घ्यावे, आणि बोट ओढल्यावर काय होते ते खाली लिहावे.