चिखल काढून झाल्यावर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीला आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेले होते. ते ओसरल्यावर नदीकाठच्या एका गावी कॉलेजातली बारा मुले-मुली घरे साफ करायला गेली. आम्ही चौघीजणी त्यांच्या स्वयंपाकाला होतो. मुलांनी किती चिखल उपसला ते पुष्कळांनी पाहिले. मी त्यांच्या रात्रीच्या बैठकीविषयी सांगणार आहे.

जेवणे झाली की सारी शाळेच्या ओसरीवर बसत. प्रत्येकाला तीन प्रश्न असत: आज काय केले? त्याने त्या घरच्या माणसांचे काय झाले? उद्या काय करायचे? एक मुलगी वहीत लिहून घेई. ज्याला बोलवत नसेल, त्याला कोणी आग्रह करीत नसे.

पहिल्या रात्री एक मुलगा हौसेने सांगू लागला, "एका आजींचे घर दुपारपर्यंत लख्ख केले. वाकळा, धान्याची पोती, पत्र्याची ट्रंक, सारे उकिरड्यावर टाकले."

दुसरा प्रश्न आला, "आजी काय म्हणाल्या?"

मुलगा थांबला. आजी काहीच म्हणाल्या नव्हत्या. दाराशी बसून नुसत्या बघत होत्या.

आमच्यातल्या एका वडील बाईंनी विचारले, "बाळा, पंचनामा झाला होता का रे?" तलाठी येऊन नुकसान पाहतो, लिहून घेतो, आणि सरकारी मदत त्यावर ठरते. घरच रिकामे केले, तर आजी दाखवणार काय? शिवाय ट्रंकेत काय होते, ते कोणी पाहिलेच नव्हते.

त्याला कोणी रागावले नाही. उजाडताच तो स्वतः उकिरड्यावर गेला. ट्रंक सापडली. आत रेशनकार्ड आणि सातबाऱ्याचे उतारे एकमेकांना चिकटले होते. ते ओढून न सोडवता सावलीत कोरड्या फडक्यावर ठेवले. संध्याकाळपर्यंत बरेचसे सुटले; दोन कागदांची शाई मात्र गेली ती गेलीच. तलाठी आले तेव्हा मुलाने त्यांना ढिगाऱ्यापाशी नेले आणि काय काय टाकले ते सांगितले.

त्या रात्री वहीत नियम लिहिला: घरच्यांना विचारल्याशिवाय काही टाकायचे नाही. पंचनामा होईतो सामान अंगणात ठेवायचे. कुजलेले धान्य ठेवता येत नाही. त्याची पोती मोजायची, घरच्यांसमोर फोटो काढायचा, मगच टाकायचे.

निघायच्या दिवशी वहीत राहिलेल्या कामांपुढे एकेकाचे नाव घातले. आजींच्या नव्या उताऱ्यांपुढे त्याच मुलाचे नाव होते. पुढच्या आठवड्यात सुट्टी काढून तो आजींबरोबर तलाठ्याकडे जाऊन आला.

भगिनींनो, आपली मुले अशा कामाहून आली की "काय केलेस?" एवढे आपण विचारतोच. त्याबरोबर त्यांना तो दुसरा प्रश्नही विचारा.