४०० ऑर्डरी, पण जाहिराती म्हणतात ४४०

आज हिशोबाचा एक घोळ सांगतो. माझी ताई ऑनलाइन गोडा मसाला, मेतकूट वगैरे विकते. गेल्या महिन्यात तिला नव्या ग्राहकांच्या ४०० ऑर्डरी आल्या. मेटाचा डॅशबोर्ड म्हणतो, त्यातल्या २३० आमच्यामुळे. गूगल ॲड्स म्हणतं, २१० आमच्यामुळे. बेरीज ४४०! ताई म्हणाली, "अरे, मग वरच्या ४० गेल्या कुठे?"

खोटं कोणीच बोलत नाही. मेटा साधारणपणे क्लिकनंतर सात दिवसांत झालेली खरेदी आपल्या खात्यात टाकतं, आणि नुसती जाहिरात दिसून एका दिवसात खरेदी झाली तरीही. गूगल क्लिकनंतर तीस दिवस मोजतं. एकच ऑर्डर दोघांच्या वहीत चढते, आणि मैत्रिणीने तोंडी सांगितलेलं कुणाच्याच वहीत नसतं.

मग आम्ही पैसे भरल्यानंतरच्या 'धन्यवाद' पानावर एकच प्रश्न टाकला: "आमच्याबद्दल पहिल्यांदा कुठे कळलं?" यात 'पहिल्यांदा' महत्त्वाचं, नाहीतर लोक शेवटचा क्लिक सांगतात. पर्यायांचा क्रम दर वेळी बदलतो, कारण घाईत बरेच जण वरचाच दाबतात. आणि एक खोटा पर्यायही ठेवला, 'रेडिओवर ऐकलं'. ताईने रेडिओवर कधीच जाहिरात दिलेली नाही. तो किती जण दाबतात त्यावरून अंदाजपंचे उत्तरांचं प्रमाण कळतं.

१६० जणांनी उत्तर दिलं. इन्स्टाग्राम ६४, मैत्रीण किंवा नातेवाईक ४८, गूगल २४, यूट्यूब १६, बाकी ८, त्यात रेडिओवाले ३. म्हणजे गूगल १५ टक्के, ४०० मध्ये साधारण ६०. दावा मात्र २१० चा.

एवढा फरक का? प्रत्येक उत्तरासोबत ऑर्डर नंबर साठवला होता, तो गूगलच्या क्लिकशी जुळवून पाहिला. 'मैत्रिणीने सांगितलं' म्हणणाऱ्या बऱ्याच जणींनी दुकानाचं नाव गूगलवर टाइप केलं होतं आणि सगळ्यात वर दिसलेल्या आपल्याच जाहिरातीवर क्लिक केलं होतं. गिऱ्हाईक मैत्रिणीने आणलं, बिल गूगलने लावलं.

आता सर्व्हेवरही डोळे झाकून विश्वास नको. 'इन्स्टाग्राम' म्हणजे जाहिरात, की कुणाची स्टोरी, ते यातून कळत नाही. आणि २४० जण तर गप्पच राहिले. ते वेगळे असतील तर? म्हणून उत्तर देणाऱ्यांत आणि न देणाऱ्यांत गूगलवरून क्लिक करून आलेल्यांचं प्रमाण ताडून पाहिलं. जवळजवळ सारखं निघालं, तेव्हा जीव भांड्यात पडला. त्यात मोठी तफावत असती, तर १५ टक्क्यांना ४०० ने गुणायचा मला हक्कच नव्हता.

तरीही लगेच बजेट कापलं नाही. फक्त दुकानाच्या नावावरची गूगल जाहिरात दोन आठवडे बंद ठेवली. ऑर्डरी जवळपास तेवढ्याच राहिल्या, लोक खालच्या फुकटच्या लिंकवरून आले. 'गोडा मसाला ऑनलाइन' असं शोधणाऱ्यांसाठीची जाहिरात मात्र चालू आहे. तिथून येणारे बहुतेक जण सर्व्हेतही 'गूगल'च म्हणतात.