मावशीचं पेज आणि तीन जणांचे आवाज

आज कोडिंग नाही, आज चटणी.

माझी मावशी सोलापुरात घरूनच शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकते. तिचं इन्स्टाग्राम पेज आम्ही तिघं चालवायचो. मावसबहीण लिहायची ‘हाय फूडीज’, मी लिहायचो ‘आम्ही सादर करीत आहोत’, आणि मावशी स्वतः लिहायची ‘ताजी कुटली, घ्या’. वाचणाऱ्याला वाटायचं, तीन वेगळी दुकानं आहेत.

मग फेब्रुवारीत पुण्याच्या एका ताईंनी ‘दोनवर एक फ्री’ मागितलं. ती दिवाळीची ऑफर होती, पण पोस्ट तशीच राहिलेली, तारीख कुठेच नाही. मावशीनं पाकीट दिलं, पण मला म्हणाली, "शेंगा तुझा बाप देतो का रे फुकट?"

त्या रविवारी बसलो. आधी बायो. तिथे होतं ‘अस्सल चव, प्रेमाने बनवलेले, किंमतीसाठी मेसेज करा’. यातून काय मिळतं, केवढ्याला, कधी, काहीच कळत नाही. बायोला १५० अक्षरांची मर्यादा असते, आणि मराठीत ती लवकर संपते, कारण काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजले जातात. ‘शेंगा’ आपल्याला दोन अक्षरं, संगणकाला पाच. म्हणून विशेषणं काढली आणि हे ठेवलं:

सोलापूरची कुटलेली शेंगा चटणी, कडक भाकरी
पाव किलो चटणी १२० रु., कुरिअर वेगळं
गुरुवारपर्यंत ऑर्डर, शनिवारी पार्सल

‘कुटलेली’ मात्र मुद्दाम राहू दिलं. मिक्सरमधली चटणी कोरडी भुकटी होते, कुटलेलीला तेल सुटतं. गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं.

आवाज कुणाचा, हे ठरवायला मी मावशीचे फोन ऐकले. ती गिऱ्हाईकाला ‘तुम्ही’ म्हणते, स्वतःला ‘मी’, आणि वाक्यं आखूड. तेच नियम झाले. आता कॅप्शन कुणीही लिहिलं तरी तिला मोठ्यानं वाचून दाखवायचं. ती अडखळली की ते वाक्य बदलायचं. ‘सादर करीत आहोत’ला ती हसलीच.

कॅप्शनची पहिली ओळ महत्त्वाची, कारण पुढचं ‘मोर’ दाबल्याशिवाय दिसत नाही. ‘शुभ सकाळ’ने ती वाया जायची. आता पहिल्याच ओळीत वस्तू, वजन, किंमत. ऑफर असेल तर शेवटची तारीखही तिथेच.

आणि एक चूक माझीच. जुनी कॅप्शनं सुधारता येतात, म्हणून दिवाळीच्या पोस्टवर ‘ऑफर संपली’ लिहिलं. पण ‘एक फ्री’ मी फोटोवरच छापलेलं! फोटोतली अक्षरं नंतर बदलत नाहीत. ती पोस्ट अर्काइव्ह करावी लागली. तेव्हापासून किंमत आणि ऑफर फक्त कॅप्शनमध्ये.

फॉलोअर वाढले का? नाही, तेवढेच आहेत. पण ‘प्राइस?’ विचारणारे मेसेज कमी झालेत, आणि जे येतात ते थेट "अर्धा किलो पाठवा" असे येतात.

भाकरीच्या कॅप्शनवर अजून वाद चालू आहे. डझनाचा भाव लिहायचा की नगाचा, मावशी ऐकत नाहीये.