तीन मीटरवरून वाचता येणारा तक्ता

रायपूरच्या तेलीबांधा तलावातल्या पाण्याच्या गढूळपणावर विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता करायचा आहे, असे समजा. निरोगी डोळ्याला ३ मीटरवरून साडेचार मिलिमीटरचे अक्षर जेमतेम ओळखता येते. गर्दीत, वेलांट्या-मात्रांसकट सहज वाचायला त्याच्या पाचपट उंची हवी, म्हणजे जवळपास सव्वादोन सेंटिमीटर. म्हणून शीर्षक ५ सेंटिमीटरचे, उद्दिष्ट एका वाक्यात, मधोमध जाड रेषांची एकच आकृती आणि शेजारी, डोळ्यांच्या उंचीवर निष्कर्ष. तळाचा मजकूर पुढच्यांच्या पाठीआड जातो. मग माहिती मावणार कुठे, असे कुणी विचारेल. सगळे आकडे टेबलावरच्या नोंदवहीत ठेवा. परीक्षक ती उघडतातच. तक्ता भिंतीला लावून ३ मीटर मागे जा आणि जे वाचता येत नाही ते मोठे करा, नाहीतर काढून टाका.